कॅडचा क्लास लावला तर नोकरी लागेल का?

भोसरी, चाकण, रांजणगावला किंवा कोल्हापूरच्या शिरोली-गोकुळ शिरगावला, नाशिकच्या सातपूर-अंबडला, वाळूजला, जिथे जिथे धातू ओतला, कापला किंवा वाकवला जातो तिथे ड्रॉइंग काढणारा माणूस लागतोच. त्यामुळे ‘कॅडमध्ये खरंच नोकऱ्या आहेत का?’ या पालकांच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘आहेत’ असं आहे. घोटाळा होतो तो त्यापुढे. नोकऱ्या आहेत म्हणजे तीन महिन्यांचा कोर्स केल्यावर त्यातली एक आपल्या मुलाला मिळेल, असं पालक गृहीत धरतात, आणि क्लासची जाहिरातही त्यांना तसंच धरायला लावते. या दोन गोष्टींमध्ये जे अंतर आहे, त्याबद्दलच पालकांचे बहुतेक प्रश्न असतात. इथे मुख्यतः मेकॅनिकल कॅडबद्दल बोलू. सिव्हिलची वाट थोडी वेगळी आहे, तिचा उल्लेख ओघात येईल.

‘ही नोकरी नेमकी कसली असते?’

हा प्रश्न पालक फार कमी वेळा विचारतात. खरं तर तो सगळ्यात आधी विचारायला हवा. ‘कॅडची नोकरी’ अशी एकच नोकरी नसते. छोट्या टूलरूममध्ये किंवा फिक्स्चर बनवणाऱ्या वर्कशॉपमध्ये एक-दोन डिझायनर असतात. मालक किंवा सीनियर डिझायनर कच्चं स्केच देतो, कधी नुसता नमुना पार्ट हातात ठेवतो, आणि त्यावरून मॉडेल आणि मशीन शॉपला देण्याजोगं ड्रॉइंग काढायचं असतं. मध्यम कारखान्यात ग्राहकाकडून आलेल्या ड्रॉइंगवरून स्वतःचं प्रोसेस ड्रॉइंग काढणं, बदल आला की रिव्हिजन करणं, पार्ट लिस्ट सांभाळणं अशी कामं असतात. मोठ्या अभियांत्रिकी सेवा कंपन्यांमध्ये परदेशी वाहन कंपन्यांचं काम चालतं. तिथे गाडीच्या बॉडीची फिक्स्चर्स, प्लॅस्टिकचे ट्रिम, सीट अशा एकेका भागावर अख्खी टीम काम करते. तिथे शक्यतो इंजिनिअरिंगची पदवी मागतात, निदान डिप्लोमा तरी.

या तिन्ही ठिकाणी सॉफ्टवेअर चालवता येणं ही आत शिरण्याची अट आहे. पगार मात्र वेगळ्याच गोष्टीचा मिळतो. समोरचा पार्ट कसा बनेल, कुठे बसेल आणि त्याचं कुठलं माप महत्त्वाचं आहे, हे कळण्याचा. टायपिंग येतं म्हणून कोणी वकिलाकडे मसुदा लिहायला ठेवत नाही, तसंच हे आहे.

‘मुलाखतीत काय विचारतात?’

छोट्या-मध्यम कारखान्यात कॅडच्या जागेसाठी जी परीक्षा घेतात, ती बहुधा अर्ध्या-पाऊण तासाची असते. ती समजून घेतली की कोर्समध्ये काय शिकवायला हवं हे आपोआप कळतं. म्हणून ती जरा सविस्तर पाहू.

समजा, टेबलावर बिडाचं एक छोटं बेअरिंग हाउसिंग ठेवलं आहे. शेजारी डिजिटल व्हर्निअर आणि बेअरिंग. बेअरिंगवर 6204 असा आकडा कोरलेला. मुलाला सांगितलं जातं, ‘याचं ड्रॉइंग काढ, मशीन शॉपला द्यायचंय.’

ज्याने फक्त सॉफ्टवेअर शिकलं आहे तो व्हर्निअर लावतो. बेअरिंग बसतं त्या भोकाला 47.01 असं माप येतं. तो स्क्रीनवर 47.01 चं वर्तुळ काढतो आणि माप म्हणून 47.01 लिहितो. मॉडेल दिसायला सुंदर होतं, रंगही देतो. आणि तो नापास होतो.

कारण असं. 6204 हा आकडा वाचता आला असता, तर व्हर्निअर लावायच्या आधीच माप कळलं असतं. या बेअरिंगचा आतला व्यास 20 मिमी, बाहेरचा 47 आणि रुंदी 14. कोणत्याही बेअरिंग कंपनीच्या कॅटलॉगमध्ये हेच मिळेल, कारण ही मापं जगभर ठरलेली आहेत. मग हाउसिंगचं भोक 47 चं, हे उघड आहे. पण नेमकं 47.000 चं भोक कुठल्याच मशीनवर होत नाही. किती चालेल हे ड्रॉइंगने सांगावं लागतं. नेहमीच्या कामासाठी इथे `47 H7` असं लिहितात. त्याचा अर्थ, भोक 47.000 पेक्षा लहान नको आणि 47.025 पेक्षा मोठं नको. म्हणजे मशीनवाल्याला 25 मायक्रॉनची मोकळीक आहे. त्याच्या हातात 47.01 असं नुसतं माप पडलं तर तो एकतर फोन करून विचारेल, नाहीतर आपल्या मनाने ठरवेल. दुसऱ्या प्रकारात भोक एखाद्या वेळी 47.05 होतं, बेअरिंगची बाहेरची रिंग हाउसिंगमध्ये फिरू लागते, काही दिवसांनी आवाज सुरू होतो, आणि मग दोष कोणाचा यावर तास जातो.

त्यातही व्हर्निअरने हे भोक तपासताच येत नाही. डिजिटल व्हर्निअरच्या पडद्यावर दोन दशांश स्थळं दिसतात, म्हणून तेवढी अचूकता असते असं नाही. साधारण दोन-तीन शतांश मिलिमीटरची चूक त्यात धरावीच लागते, आणि भोकाच्या आत जबडे तिरके बसले तर आणखी. असं भोक बोअर गेजने किंवा गो-नो-गो प्लग गेजने तपासतात. हे ज्याला ठाऊक आहे तो मुलाखतीत ‘सर, बोअर गेज आहे का?’ असं विचारतो. तेवढ्या एका प्रश्नावर समोरचा माणूस खुर्चीत जरा पुढे सरकून बसतो.

मग बोल्टची भोकं. व्हर्निअरवर 9.1 आलं. एम8 बोल्टसाठी मध्यम बसणीचं भोक 9 मिमीचं असतं, ड्रिलही तेवढ्याचं मिळतं; म्हणून ड्रॉइंगवर 9 लिहायचं, 9.1 नाही. इथे तीन शतांश इकडेतिकडे झालं तरी बिघडत नाही, म्हणून वेगळा टॉलरन्स लागत नाही. टायटल ब्लॉकमध्ये जनरल टॉलरन्सची एक ओळ पुरते. कुठे मायक्रॉनमध्ये बोलायचं आणि कुठे सोडून द्यायचं, हे कळणं म्हणजे या कामाचा अर्धा भाग. नवशिक्या मुलं दोन उलट चुका करतात. काहीजण कुठेच टॉलरन्स देत नाहीत. काहीजण शिकलेलं दाखवायला प्रत्येक मापाला देतात, आणि मग पन्नास रुपयांचा पार्ट दोनशे रुपयांना पडतो.

तिसरी गोष्ट मापं कुठून द्यायची याची. एका पट्टीवर ओळीने पाच भोकं आहेत, दोन भोकांमध्ये 40 मिमी, अधिक-उणे 0.2. मुलगा पहिल्यापासून दुसरं, दुसऱ्यापासून तिसरं अशी साखळी लावतो. चार अंतरं झाली, प्रत्येकात 0.2 ची चूक चालते, म्हणजे शेवटचं भोक पहिल्यापासून 0.8 पर्यंत सरकू शकतं. एम8 चा बोल्ट 9 च्या भोकात बसवताना एकूण मोकळीक 1 मिमीची. समोरच्या पट्टीवरही अशीच साखळी असेल आणि ती उलट्या बाजूला सरकली असेल, तर बोल्ट जात नाही. सगळी मापं एकाच कडेपासून किंवा एकाच भोकापासून दिली असती, तर ही चूक साठत गेली नसती. हे सॉफ्टवेअर शिकवत नाही. सॉफ्टवेअर साखळीही तितक्याच आनंदाने काढून देतं.

शेवटी कागद. भारतात फर्स्ट अँगल प्रोजेक्शन चालतं, अमेरिकन ग्राहक असेल तर थर्ड अँगल. टायटल ब्लॉकमधलं चिन्ह न पाहता ड्रॉइंग वाचलं तर डावी बाजू उजवी होऊ शकते. बरीच सॉफ्टवेअर्स अमेरिकन टेम्प्लेट निवडलं तर थर्ड अँगल लावून देतात आणि मुलाच्या ते लक्षातही येत नाही. मटेरियल नुसतं ‘कास्ट आयर्न’ लिहून भागत नाही, ग्रेड लागतो, उदाहरणार्थ एफजी 260. बेअरिंग बसतं त्या पृष्ठभागाचा फिनिश लागतो. आतलं भोक दाखवायला सेक्शन लागतो. या सगळ्याला मिळून ए3 कागदाची एक बाजू पुरते.

काही ठिकाणी याच्यापुढे एक पाऊल जातात. मुलाने मॉडेल पूर्ण केलं की म्हणतात, ‘आता 6204 च्या ऐवजी 6205 टाक.’ 6205 चा बाहेरचा व्यास 52, रुंदी 15. नीट शिकलेला मुलगा दोन आकडे बदलतो आणि सगळं मॉडेल, ड्रॉइंगसकट, आपोआप जुळून येतं. एक गोष्ट मात्र त्याला हाताने पाहावी लागते. 52 हे माप टॉलरन्सच्या पुढच्या गटात येतं, त्यामुळे `H7` ची मोकळीक आता 25 नाही, 30 मायक्रॉन होते. ज्याने मॉडेल कसंबसं जमवलेलं असतं, त्याच्या पडद्यावर डाव्या बाजूच्या यादीत लाल खुणा फुटतात आणि फिलेट गायब होतात. मॉडेल ‘दिसतं’ आणि मॉडेल ‘चालतं’ यातला फरक इथे एका मिनिटात कळतो.

‘मग कोणी हा कोर्स करावा?’

वरचा सगळा प्रसंग वाचला की याचं उत्तर बरंचसं मिळतं. ज्याच्याकडे आधीपासून मशीनची, मापाची, मटेरियलची थोडीतरी समज आहे, त्याला कॅडचा कोर्स उपयोगी पडतो. ज्याच्याकडे ती नाही, त्याला एकटा कॅडचा कोर्स ती देऊ शकत नाही.

सगळ्यात जास्त फायदा होतो तो, माझ्या मते, डिप्लोमा मेकॅनिकलच्या आणि टूल अँड डायच्या मुलांना. मशीन ड्रॉइंग, फिट्स, प्रॉडक्शन प्रोसेस हे विषय त्यांच्या अभ्यासक्रमात असतातच, फक्त सॉफ्टवेअरवर हात बसलेला नसतो. अशा मुलाने तीन-चार महिने एखादं सॉफ्टवेअर नीट शिकलं तर तो लगेच कामाला येतो. आयटीआयचा ‘ड्राफ्ट्समन मेकॅनिकल’ हा दोन वर्षांचा ट्रेड तर थेट याच कामासाठी आहे. पण पालक त्याच्याकडे कमी वळतात, कारण त्यात ‘आयटीआय’ हा शब्द आहे. छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूमसारख्या सरकारी संस्थेत टूल अँड डाय मेकिंगचा पूर्ण डिप्लोमा आणि कॅड-कॅमचे छोटे कोर्स दोन्ही असतात. तिथे मुलाचा हात मशीनवरही फिरतो, आणि मुलाखतीत ते लगेच दिसतं.

फिटर, टर्नर, मशिनिस्ट ट्रेडच्या मुलांकडे पालकांचं दुर्लक्ष होतं. ज्या मुलाने लेथवर सहा महिने काम केलं आहे, त्याला 25 मायक्रॉन म्हणजे काय हे बोटांनी ठाऊक असतं. त्याला सॉफ्टवेअर शिकायला वेळ लागतो, इंग्रजी मेनू अडतात, पण एकदा शिकला की त्याचं ड्रॉइंग परत येत नाही.

बारावी सायन्स झाली, इंजिनिअरिंगला नंबर लागला नाही, ‘तोवर कॅड करू’ असं म्हणणाऱ्यांना मी सांगेन की हे पैसे डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाच्या प्रवेशाच्या चौकशीत घालवा. बारावी सायन्सला ती वाट असते. कला किंवा वाणिज्य शाखेच्या मुलाला मेकॅनिकल कॅडवर नोकरी लागणारच नाही असं नाही, पण ती बहुतेक वेळा जुन्या कागदी ड्रॉइंगवरून संगणकावर रेषा ओढण्याची असते, आणि अशी कामं आता कमी होत चालली आहेत. त्याच्यासाठी सिव्हिलची बाजू थोडी बरी. आर्किटेक्टच्या ऑफिसात आणि बांधकाम परवानगीचे प्लॅन काढणाऱ्यांकडे ऑटोकॅडवर सफाईने, ठरलेल्या लेअरमध्ये काम करणारा माणूस लागतो. डिसेंबर 2020 मध्ये राज्यभरासाठी एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू झाली (मुंबई आणि काही भाग सोडून). अनेक ठिकाणी प्लॅनची तपासणीही संगणकावरून होते. लेअरचं नाव किंवा बंद आकृती चुकली तर फाइल परत येते. नियम वाचायची तयारी असलेल्या मुलाला यात टिकून राहता येतं, पण तेही आर्किटेक्टच्या हाताखाली दोन वर्षं घासल्यावरच.

बीई झालेल्यांच्या पालकांचा सूर वेगळा असतो. ‘चार वर्षं शिकला, आता पुन्हा क्लास कशाला?’ ही तक्रार रास्त आहे. पण कॉलेजात बऱ्याचदा पहिल्या वर्षी ड्रॉइंग होतं, एखाद्या सेमिस्टरला सॉफ्टवेअरची प्रॅक्टिकल्स होतात आणि चौथ्या वर्षापर्यंत ते विसरलेलं असतं. त्याला कोर्सपेक्षा एक चांगला प्रकल्प जास्त उपयोगी पडतो. एखादी जुनी बेंच व्हाइस उघडून, मोजून, तिचे सगळे भाग आणि असेम्ब्ली बनवायची आणि प्रत्येक भागाचं बनवण्याजोगं ड्रॉइंग काढायचं. हे घरी बसूनही होतं. ऑटोडेस्कची बरीच सॉफ्टवेअर्स विद्यार्थ्यांना शिकण्यासाठी फुकट मिळतात, फ्रीकॅड तर सगळ्यांनाच फुकट आहे. शैक्षणिक परवान्यावर धंद्याचं काम करता येत नाही, एवढं मात्र मुलाला बजावून ठेवावं.

‘ऑटोकॅड, सॉलिडवर्क्स, कॅटिया, क्रिओ... यातलं काय?’

या प्रश्नावर क्लासवाले सर्वात जास्त वेळ घेतात आणि त्यावर सर्वात कमी वेळ जायला हवा. सिव्हिल असेल तर ऑटोकॅड, आणि पुढे रेव्हिट. छोट्या-मध्यम कारखान्यात, फिक्स्चर आणि मशीन डिझाइनमध्ये सॉलिडवर्क्स भरपूर दिसतं. वाहन आणि विमान क्षेत्राच्या मोठ्या कामात कॅटिया आणि एनएक्स. क्रिओ दोन्हीकडे थोडं थोडं. मुलाला कुठे अर्ज करायचा आहे त्या परिसरातल्या जाहिराती दोन आठवडे वाचा, जे नाव जास्त वेळा दिसेल ते एक शिकवा. एकच. ‘पाच सॉफ्टवेअरचं पॅकेज’ सहा महिन्यांत उरकणारा मुलगा पाचांपैकी कशातच मुलाखतीला बसू शकत नाही. एक नीट आलं की दुसऱ्यावर जायला काही आठवडे पुरतात, कारण स्केच काढणं, एक्सट्रूड करणं, असेम्ब्लीत जोडणं ही कल्पना सगळीकडे तीच आहे.

प्रमाणपत्राबद्दलही तेच. क्लासचं स्वतःचं सोनेरी कडेचं प्रमाणपत्र मालक बाजूला ठेवतो. सॉलिडवर्क्स बनवणाऱ्या कंपनीची ‘सीएसडब्ल्यूए’ ही ऑनलाइन परीक्षा मात्र थोडं वजन ठेवते. त्यात दिलेल्या मापांवरून पार्ट बनवायचा असतो आणि त्याचं वस्तुमान किती ग्रॅम आलं ते सांगायचं असतं. एक माप चुकलं तर उत्तर चुकतं, त्यामुळे फसवाफसवीला जागा कमी. तरीही वरची मुलाखत ती टाळू देत नाही.

‘शंभर टक्के प्लेसमेंट म्हणतात, त्याचं काय?’

इथे थांबून नीट वाचायला हवं, अगदी अक्षरशः. पत्रकावर ‘100% प्लेसमेंट असिस्टन्स’ असेल तर त्याचा अर्थ फक्त मदत. म्हणजे बायोडेटा पुढे पाठवणं, चार मुलाखतींचे पत्ते देणं. ‘प्लेसमेंट गॅरंटी’ असेल तर त्याची अट लेखी मागा: कुठल्या पगारापासूनची नोकरी ‘प्लेसमेंट’ धरणार, किती मुलाखती नाकारल्या की गॅरंटी संपणार, आणि नाही लागली तर फीचा किती भाग किती दिवसांत परत. बहुतेक वेळा हे प्रश्न लेखी विचारले की ‘गॅरंटी’चं ‘असिस्टन्स’ होतं.

दुसरी पद्धत अशी की क्लास ज्यांना ‘आमची मुलं’ म्हणून भिंतीवर लावतो त्यांची नोकरी खरी असते, पण ती कॅडची नसते. क्वालिटी तपासणीला, स्टोअरला, कधी कॉल सेंटरलाही लागलेली मुलं त्या भिंतीवर असतात. म्हणून भिंतीवरच्या मुलांपैकी एक-दोघांशी बोलायला मिळेल का, एवढंच विचारा. आणि बोललात तर पगार विचारू नका, ‘कालच्या दिवसात काय काम केलंस?’ असं विचारा. ज्याचं काम ड्रॉइंगचं आहे तो लगेच सांगतो.

फीच्या बाबतीत एक धोका नीट ओळखून ठेवावा. ‘सोपे हप्ते’ म्हणजे बऱ्याचदा क्लास नव्हे, एखादी वित्त कंपनी पालकाच्या किंवा मुलाच्या नावाने कर्ज देते आणि पूर्ण फी क्लासला एकरकमी जाते. क्लास मध्येच सोडला, शिक्षक बदलला, शाखा बंद झाली तरी कर्जाचे हप्ते थांबत नाहीत, आणि ते चुकले तर मुलाच्या क्रेडिट नोंदीवर डाग पडतो, नोकरी लागायच्या आधीच. जमत असेल तर महिन्या-महिन्याने किंवा मॉड्यूलप्रमाणे फी देणाऱ्या ठिकाणी जा. खासगी क्लासच्या फीवर 18 टक्के जीएसटी लागतो, तो फीत धरला आहे की वेगळा, हेही आधीच विचारा आणि पावती घ्या. जाहिरातीत सांगितलेलं आणि मिळालेलं यात उघड फरक असेल तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली तक्रार करता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. तक्रार टिकते ती पत्रक आणि पावती जपून ठेवली असेल तर.

क्लास बरा की वाईट हे ओळखायला मला एकच उपाय खात्रीचा वाटतो. आत जाऊन सांगा की एखाद्या कोर्स संपलेल्या मुलाचं पूर्ण झालेलं ड्रॉइंग बघायचं आहे. थ्रीडी मॉडेलचं चकचकीत चित्र नको, ड्रॉइंग. त्यावर टॉलरन्स आहेत का, मटेरियल लिहिलं आहे का, सेक्शन आहे का, हे तुम्हाला ओळखता येईल, निदान वरचं वाचल्यावर. तुमच्या ओळखीत कोणी फिटर, टर्नर, व्हीएमसी ऑपरेटर असेल तर त्याच्या हातात तो कागद द्या आणि विचारा, ‘यावरून पार्ट करशील का?’ तो दोन मिनिटांत सांगेल. क्लासकडे असा कागदच नसेल, तर तिथे सॉफ्टवेअरची बटणं शिकवतात, कॅड नाही.

‘मुलीला चालेल का हे काम?’

चालतं. ड्रॉइंग ऑफिसात मुली पूर्वीपासून आहेत आणि मोठ्या सेवा कंपन्यांमध्ये तर भरपूर. अडचण येते ती चाकणसारख्या ठिकाणी छोट्या कारखान्यात, जिथे बससोय संध्याकाळी सहानंतर आटते आणि प्रकल्प अंगावर आला की आठ वाजेपर्यंत थांबावं लागतं. कंपनीची बस आहे का, हा प्रश्न पगाराच्या प्रश्नाआधी विचारावा. आणखी एक: मुलगी आहे म्हणून तिला शॉपवर पाठवत नाहीत, ‘तू इथेच बस’ म्हणतात. त्यातून तिचंच नुकसान होतं. तिने हट्टाने शॉपवर जाऊन आपला पार्ट कसा होतोय ते बघावं.

‘पगार किती, आणि पुढे काय?’

पुण्याच्या पट्ट्यात छोट्या कारखान्यात नव्या मुलाची बोली साधारण बारा ते अठरा हजारांच्या आसपास होते, शहर, शिक्षण आणि मुलाखत कशी गेली यावर. मोठ्या सेवा कंपनीत ती जास्त असते. पण तिथे पुष्कळदा मुलगा कंपनीच्या नव्हे, मनुष्यबळ पुरवठादाराच्या पगारपत्रकावर असतो. हे ऑफर लेटरवर वरच्या कोपऱ्यात लिहिलेल्या नावावरून कळतं. ‘वार्षिक सीटीसी’ सांगितला की त्याला बारांनी भागून खुश होऊ नका. त्यात कंपनीचा पीएफचा वाटा, ग्रॅच्युइटी, विमा सगळं धरलेलं असतं. हातात किती, हे वेगळं विचारा.

पहिली एक-दोन वर्षं पगार कमी असणं ही या क्षेत्राची रीतच आहे आणि क्लासवाले ती सांगत नाहीत. डिप्लोमा-पदवीच्या मुलांनी नोकरीच्या आधी वर्षभराची अप्रेंटिसशिप करणं हा माझ्या मते महागड्या क्लासपेक्षा चांगला सौदा आहे. अप्रेंटिसशिप कायदा 1961 चा आहे आणि केंद्र सरकारच्या पोर्टलवर नोंदणी करून कंपन्यांना अर्ज करता येतो. 2019 मध्ये ठरलेल्या किमान विद्यावेतनात डिप्लोमाधारकाला दरमहा 8,000 आणि पदवीधराला 9,000 रुपये होते. ही किमान रक्कम आहे, कंपनी जास्त देऊ शकते. चालू आकडा पोर्टलवर बघून घ्यावा. फी भरून शिकण्याऐवजी पैसे घेऊन शिकता येतं, आणि मुख्य म्हणजे आपण काढलेलं ड्रॉइंग शॉपवरून लाल पेनाने परत येतं. ते लाल पेन कुठल्याच क्लासमध्ये मिळत नाही.

पुढे कुठे जातं? जो नुसता मॉडेलिंग करत राहतो, त्याचा पगार तीन-चार वर्षांनी एका जागी थांबतो, कारण तेवढंच काम करणारा दुसरा मुलगा कमी पगारात दारात उभा असतो. ज्याला जिओमेट्रिक टॉलरन्स कळतात, जो मोल्डचा पार्ट साच्यातून कसा सुटेल हे बघून ड्राफ्ट देतो, जो फिक्स्चर डिझाइन करताना वेल्डरचा हात आत पोचेल का याचा विचार करतो, तो डिझायनर होतो आणि त्याला बोलावणी येतात. काहीजण सीएनसी प्रोग्रॅमिंगकडे वळतात. वर्कशॉपमध्ये कॅम येणारा माणूस कॅड येणाऱ्यापेक्षा लवकर कामाला लागतो, हेही पालकांनी लक्षात ठेवावं. आणि काहीजण वर्षभरात हे काम सोडून देतात, कारण दिवसातले नऊ तास एका स्क्रीनसमोर बसून मिलिमीटरचे तुकडे मोजणं त्यांना जमत नाही. फी भरण्याआधी मुलाला एक आठवडा फ्रीकॅड उघडून देऊन घरातल्या पान्याचं, नळाच्या तोटीचं मॉडेल करायला लावलं, तर हे आधीच कळतं आणि फी वाचते.